‘बिल शून्य होणारच’ याऐवजी काय लिहायचं?

प्रश्न: साताऱ्यात आमचा घरगुती सोलर बसवायचा व्यवसाय आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका काकांकडे ३ किलोवॅटचा प्लांट चालू करून दिला. जुलैचं ६८० रुपये बिल आलं म्हणून त्यांनी वकिलाकडून नोटीस पाठवली आहे, आणि सोबत आमच्या सेल्सच्या पोराने केलेला व्हॉट्सॲप मेसेज जोडलाय. त्यात ‘नक्की’, ‘गॅरंटी’ असे शब्द आहेत. ते काढून काय लिहायचं? आणि असं गुळमुळीत लिहिलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल, त्याचं काय?

उत्तर: मेसेज तुम्ही जसाच्या तसा पाठवलात हे बरं झालं. इतरांसाठी इथे देते: “काका ३ किलोवॅट बसवा, बिल शून्य होणारच. सबसिडी ७८ हजार नक्की, ३० दिवसांत खात्यावर. नेट मीटर आठवड्यात लागेल. २५ वर्षं फुल गॅरंटी, टेन्शनच नाही.”

ग्राहक आयोगात मी दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे, म्हणून आधी हा मेसेज समोरच्या वकिलाच्या डोळ्यांनी वाचते. चार ओळींत पाच वचनं आहेत: बिल, सबसिडीची रक्कम, सबसिडीची मुदत, मीटरची मुदत आणि पंचवीस वर्षं. ‘नक्की’ एकदाच आलाय आणि ‘गॅरंटी’ एकदाच. बाकीची वचनं या शब्दांशिवायच दिली गेली आहेत. “मीटर आठवड्यात लागेल” यात एकही जड शब्द नाही, तरी ते पक्कं वचन आहे. मराठीत नुसता भविष्यकाळ वचनाचं काम करतो, आणि ‘होणारच’मधला तो एक अक्षराचा ‘च’ तर ‘गॅरंटीड’पेक्षा भारी पडतो. ‘करून देतो’ म्हटलं की व्याकरणात वर्तमानकाळ असतो, पण ऐकणाऱ्याला ती हमीच वाटते. म्हणून ‘नक्की’, ‘हमखास’, ‘शंभर टक्के’ असे शब्द शोधून खोडायचे, एवढ्याने काही साधत नाही. ते खोडून “बिल शून्य होईल” लिहिलंत तर नोटीस तीच येईल, फक्त एक शब्द कमी असलेली.

मी करते ते असं. प्रत्येक वाक्य घेते आणि विचारते, हे घडणं कोणाच्या हातात आहे? तुमच्या मेसेजमध्ये बिल ठरतं ते आभाळ आणि काकांचा वापर यांवर. सबसिडी सरकारच्या हातात, मीटर महावितरणच्या हातात. पॅनेलचं आयुष्य पॅनेलच्या कंपनीवर. तुमच्या हातात राहतं ते बसवण्याचं काम, कागदपत्रं भरणं आणि तक्रार आली की धावणं. आणि गंमत बघा, नेमकं तेवढ्याबद्दलच तुमच्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. जे दुसऱ्याच्या हातात आहे त्याची तुम्ही हमी दिलीत आणि जे स्वतःच्या हातात आहे ते सांगितलंच नाहीत.

आता बिलाचं बघू, कारण नोटीस त्यावर आहे.

तुमच्या पोराचा हिशेब सरळ होता आणि तो पूर्ण चुकीचा नव्हता. आपल्याकडे चांगल्या छतावर एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. तीन किलोवॅटचे बारा, म्हणजे वर्षाला चार हजार तीनशेच्या थोडे वर. काकांच्या जुन्या बिलावरून त्यांचा वर्षाचा वापर तीन हजार चारशे युनिट निघतो. चार हजार तीनशे पिकतात, तीन हजार चारशे लागतात, मग बिल कुठून येणार? पण ‘सरासरी’ हा वर्षाचा आकडा आहे आणि बिल दर महिन्याला येतं. तुम्ही पाठवलेल्या इन्व्हर्टरच्या नोंदीत जुलैचे १९५ युनिट दिसतात, दिवसाला साडेसहाहूनही कमी. साताऱ्याच्या पावसाळ्यात यात नवल काहीच नाही. काकांचा वापर २७० युनिट. उरलेले ७५ युनिट महावितरणकडून आले आणि त्यांचं बिल झालं.

इथे कोणी म्हणेल की नेट मीटरिंगमध्ये उन्हाळ्यातले जास्तीचे युनिट पुढे जमा राहतात, ते पावसाळ्यात वापरता येतात. बरोबर आहे. पण काकांचा प्लांट जूनमध्ये चालू झाला. एप्रिल-मेचं ऊन त्यांच्या खात्यात जमा झालंच नव्हतं, मग वापरणार कुठून? हाच प्लांट फेब्रुवारीत बसला असता तर शिल्लक राहिलेल्या युनिटमधून जुलैचे ७५ वळते होण्याची बरीच शक्यता होती. पण मार्चअखेर ही शिल्लक मिटवली जाते, पुढच्या आर्थिक वर्षात तशीच जात नाही, त्यामुळे तिथेही मोजून बोलावं लागतं. आणि युनिट पूर्ण शून्य झाले तरी स्थिर आकार सुटत नाही. कनेक्शन आहे तोवर तो येणारच. (हा ‘च’ मी जाणूनबुजून लिहिलाय. का ते पुढे सांगते.)

म्हणजे ‘बिल शून्य’ हे वाक्य दोन ठिकाणी खोटं आहे. एका ठिकाणी ते वर्षाची गोष्ट महिन्याला चिकटवतं. दुसऱ्या ठिकाणी ते ‘युनिट’ म्हणायच्या जागी ‘बिल’ म्हणतं. दुसरी चूक सुधारायला एक शब्द पुरतो, पहिलीला दोन वाक्यं लागतात. मी कोटेशनमध्ये असं लिहीन:

“तुमच्या गेल्या १२ महिन्यांच्या बिलांप्रमाणे वर्षाचा वापर ३,४०० युनिट आहे. तुमच्या छतावर ३ किलोवॅटच्या प्लांटमधून वर्षाला अंदाजे ३,९०० ते ४,३०० युनिट तयार होतील असा आमचा हिशेब आहे. जून ते सप्टेंबर निर्मिती निम्म्यापर्यंत खाली येते. त्या महिन्यांत युनिटचं बिल येऊ शकतं, विशेषतः पहिल्या वर्षी, कारण आधीचे युनिट जमा नसतात. स्थिर आकार दर महिन्याला भरावा लागतो. हा अंदाज छतावर आज जेवढी सावली आहे तेवढीच धरून केला आहे. निर्मितीचा आकडा इन्व्हर्टरच्या ॲपवर दिसतो, तोच मोजायचा.”

यात ‘अंदाजे’ आला आहे, पण तो एकटा आलेला नाही, हे बघा. नुसतं “अंदाजे बिल शून्य होईल” लिहिलं असतं तर अंदाज कशावरून, किती इकडेतिकडे, काहीच कळलं नसतं. आयोगापुढे तर लपवाछपवीचा वास आला असता. ‘अंदाजे’ लिहिलं की त्याला तीन गोष्टी जोडायच्या: आकड्याची खालची आणि वरची हद्द, तो कशावरून काढला, आणि कशाने बदलेल. सावलीचं वाक्य मुद्दाम आहे. शेजाऱ्याने दोन वर्षांनी मजला चढवला किंवा पाण्याची टाकी दक्षिणेला उभी केली की निर्मिती पडते, आणि ते तुमच्या अंगावर यायला नको. काम सुरू करायच्या दिवशी छताचे चारी दिशांचे फोटो काढून काकांना पाठवून ठेवलेत की त्या वाक्याला आधार मिळतो.

शेवटचं मोजणीचं वाक्य माझे अशील नेहमी खोडतात, आणि मी ते परत घालते. महावितरणच्या मीटरवर दिसतं ते ग्रिडमधून किती घेतलं आणि किती परत दिलं एवढंच. दिवसा सोलर चालू असताना घरातल्या फ्रिज-पंख्याने थेट वापरलेले युनिट तिथे दिसत नाहीत. ग्राहक ‘एक्सपोर्ट’चा आकडा बघतो आणि म्हणतो, बाराऐवजी पाचच युनिट होतायत, फसवलं. मोजायचं कुठे हे आधी ठरलेलं असलं तर हे अर्धं भांडण होतच नाही.

सबसिडी. ३ किलोवॅटला ७८,००० हा आकडा पीएम सूर्यघर योजनेत आहे, तो सांगायला हरकत नाही. पण तो देणार सरकार, ग्राहकाच्या बँक खात्यावर, आणि तेही प्लांट बसून, महावितरणची तपासणी होऊन, नेट मीटर लागून, पोर्टलवर सगळं भरल्यावर. मध्ये कितीतरी जागी गाडं अडतं. सगळ्यात जास्त वेळा मी जे बघितलं ते म्हणजे वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर, आणि बँक खातं नातवाचं. यात तुमचा दोष शून्य, पण ‘नक्की’ तुम्ही म्हटलंत.

मात्र सगळं सरकारवर ढकलून मोकळं होणंही अचूक नाही. अनुदानासाठी डीसीआर पॅनेलच लागतात, म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही देशात बनलेले. ते वापरणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे. तुमच्या बाजूची कागदपत्रं वेळेत भरणंही. म्हणून इथे वाक्य दोन भागांत तोडायचं:

“सध्याच्या योजनेनुसार ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते सरकार थेट तुमच्या खात्यावर जमा करतं. मंजुरी आणि जमा होण्याची तारीख आम्ही ठरवत नाही. आम्ही डीसीआर पॅनेल वापरू आणि नेट मीटर लागल्यापासून ७ दिवसांच्या आत पोर्टलवर आमच्या बाजूची कागदपत्रं भरू. आमच्या पॅनेलमुळे किंवा आमच्या कागदांतल्या चुकीमुळे अनुदान नाकारलं गेलं, तर तेवढी रक्कम आम्ही देऊ.”

शेवटचं वाक्य लिहायचं की नाही ते तुमच्या खिशाकडे बघून ठरवा. पण लिहिलंत तर ती खरी हमी झाली, तिची हद्द तुम्हाला माहीत आहे, आणि ‘७८ हजार नक्की’पेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे. कोटेशनवर तारीख घाला म्हणजे ‘सध्याच्या’ या शब्दाला अर्थ राहतो. “अनुदान मिळण्याची शक्यता आहे” असंही लिहू नका. पात्र ग्राहकाला हे वाक्य पाऊस पडण्याची शक्यता आहे असं वाटतं, आणि तुमचंच गिऱ्हाईक बिचकतं. शक्यता किती हे तुम्हालाही सांगता येत नसेल तर तो शब्द कामाचा नाही. कोण काय करणार एवढं सांगावं.

मीटरचं थोडक्यात. “आठवड्यात लागेल” हे दुसऱ्याच्या कामाची मुदत आपण देणं झालं. तुमच्याकडे मागच्या ग्राहकांच्या अर्जाच्या आणि मीटर लागल्याच्या तारखा असतीलच. त्या वहीत काढा आणि जे झालं ते लिहा: “गेल्या सहा महिन्यांत आमच्या ग्राहकांना अर्जापासून इतक्या ते इतक्या दिवसांत मीटर मिळाला. अर्ज आम्ही प्लांट बसल्यापासून ३ कामाच्या दिवसांत करू.” पहिलं वाक्य भूतकाळातलं आहे, ते वहीने सिद्ध होतं. दुसरं भविष्यकाळातलं आहे, पण तुमच्या स्वतःच्या कामाचं. भविष्यकाळ वापरायचा तो स्वतःपुरता, हा माझा अगदी घरगुती नियम आहे. आणि ‘शक्यतो’ हा शब्द इथे टाळा. “शक्यतो पंधरा दिवसांत” म्हणजे तुम्ही म्हणता “जमलं तर”, आणि ग्राहक ऐकतो “बहुधा पंधराच”.

आता ‘२५ वर्षं फुल गॅरंटी’. हे वाक्य मला सगळ्यात महागडं वाटतं. आज त्यावर नोटीस नाही, पण मेसेज त्यांच्या फोनमध्ये पंचवीस वर्षं राहणार आहे. पॅनेलच्या कागदावर साधारण दोन वेगळ्या वॉरंट्या असतात. एक वस्तूची, बऱ्याच कंपन्यांची दहा-बारा वर्षांची: काच, फ्रेम, जोडणी यांत बनवतानाचा दोष निघाला तर. दुसरी निर्मितीची, ती पंचवीस वर्षांची, पण उतरत जाणारी. पंचविसाव्या वर्षी मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के राहील असं तीत म्हटलेलं असतं. म्हणजे तुमचे ३ किलोवॅट तेव्हा २.४ होतील, आणि तरीही कंपनीच्या दृष्टीने वॉरंटी पाळली गेलेली असेल. इन्व्हर्टरची मुदत आणखी वेगळी, पाच ते दहा वर्षांच्या घरातली. पंचवीस वर्षांत तो एकदा तरी बदलावा लागेल हे धरून चालावं, आणि तो खर्च काकांचा आहे. ‘फुल’ या एका शब्दाने तुम्ही पॅनेल कंपनी, इन्व्हर्टर कंपनी आणि स्वतः, तिघांची जबाबदारी स्वतःच्या सहीखाली घेतलीत.

आपल्या बाजारात एक समजूत पक्की आहे: गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. दुकानदार आणि ग्राहक दोघंही ती मानतात. कायद्यात या शब्दांची अशी वाटणी नाही. त्यामुळे मी दोन्हींपैकी कुठलाच शब्द एकटा सोडत नाही. त्यापुढे क्रियापद लिहिते: बदलून देऊ, दुरुस्त करू, कंपनीकडे तक्रार नोंदवून पाठपुरावा करू. “पॅनेलची वॉरंटी कंपनीची आहे, तिचं कार्ड सोबत. तिच्या मुदतीत दोष आढळला तर कंपनीकडे क्लेम आम्ही दाखल करू. पॅनेल उतरवायची-चढवायची मजुरी पहिली ५ वर्षं आम्ही घेणार नाही.” योजनेखाली बसवलेल्या प्लांटची पहिली पाच वर्षं देखभाल विक्रेत्यानेच करायची असते, म्हणून पाच हा आकडा सोयीचा पडतो.

आणि जिथे हमी द्यायलाच हवी तिथे छाती काढून द्या. छतावरचा सोलर म्हटलं की बायकांचा पहिला प्रश्न बिलाचा नसतो, “स्लॅब गळणार नाही ना?” हा असतो. त्यावर बहुतेक जण म्हणतात, “अजिबात नाही.” त्याऐवजी हे लिहा:

“स्ट्रक्चरच्या पायांसाठी आम्ही स्लॅबला जिथे भोक पाडलं आहे, तिथून ५ वर्षांच्या आत गळती झाली तर कळवल्यापासून ७ दिवसांत येऊन बघू आणि त्या जागेचं वॉटरप्रूफिंग आमच्या खर्चाने करून देऊ. स्लॅबवर आधीपासून असलेल्या भेगांना हे लागू नाही. काम सुरू करण्यापूर्वीचे फोटो सोबत जोडले आहेत.”

“अजिबात गळणार नाही” हे ऐकायला गोड आहे, पण गळलं तर पुढे काय, याबद्दल ते मुकं आहे. वरच्या परिच्छेदात गळू शकतं हे कबूल आहे, आणि तरी तो वाचून घरच्या माणसाला जास्त धीर येतो. कुठे, किती दिवस, कळवल्यावर किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने, आणि कशाला नाही, एवढं असलं की हमी पूर्ण झाली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर बरंचसं इथेच आहे. गिऱ्हाईक जातं ते गुळमुळीत बोलण्याने. अचूक बोलणं गुळमुळीत नसतं. “आम्ही प्रयत्न करू”, “सहकार्य करू”, “तांत्रिक कारणास्तव विलंब झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही” ही गुळमुळीत वाक्यं. त्यांनी ग्राहकही पळतो आणि आयोगातही बचाव होत नाही, कारण सगळी जबाबदारी एकाच फटक्यात झटकणारी अट एकतर्फी म्हणून बाजूला सारली जाऊ शकते. तरी काही गिऱ्हाइकं समोरच्या ‘शून्य बिल’वाल्याकडे जातीलच, ते मी नाकारत नाही. त्यांना जुलैची बिलं तिकडे येतील.

मघाच्या ‘च’बद्दल. ठाम शब्द वाईट नसतात. खोटे ठाम शब्द वाईट. सोलरमध्ये एक वाक्य असं आहे जे ठामच लिहायला हवं आणि कोणी लिहीत नाही: “बॅटरी नसलेला हा प्लांट वीज गेली की बंद होतो, भर उन्हातही.” लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला मागून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर ग्रिड गेल्याबरोबर स्वतः बंद होतो, त्याची रचनाच तशी असते. कितीतरी ग्राहकांना वाटतं की सोलर बसला, आता लाइट जाणार नाही. इथे “बंद होऊ शकतो” लिहिलंत तर ते खोटं नरमपण आहे. बंद होतोच. स्थिर आकारही असाच, येतोच. विक्रीच्या आड येणाऱ्या गोष्टी ‘शकतो’मध्ये आणि विक्रीला हातभार लावणाऱ्या ‘होणारच’मध्ये लिहायची सवय आपल्या धंद्यांना आहे. ती उलटी करा.

कायद्याचं आता, जेवढं लागतं तेवढं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे तीत हे सरळ येतं: वस्तूच्या कामगिरीची किंवा आयुष्याची हमी पुरेशा, योग्य चाचणीचा आधार नसताना देणं. आणि चाचणी झालेली होती असा बचाव करायचा असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी हमी देणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. ‘बिल शून्य’ला तुमच्याकडे कुठली चाचणी आहे? वर्षाच्या सरासरीचा हिशेब आहे, आणि तो जुलैबद्दल काही सांगत नाही.

बॅनर आणि पत्रकांवर तारा काढून खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’ लिहायची सोय आता उरलेली नाही. जाहिरातींसाठीच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे खुलासा दाव्याच्याच भाषेत, त्याच फॉन्टमध्ये आणि ठळक दिसेल अशा जागी हवा, आणि तो मूळ दाव्याच्या विरोधात जाता कामा नये. वर “बिल शून्य” आणि खाली “पावसाळ्यात बिल येईल” हा खुलासा होत नाही, ती चुकीची कबुली होते. दावाच बदलायचा: “वर्षाच्या वापराएवढी वीज छतावरून” असं काही, आणि तेही ज्या घरांना लागू आहे त्यांच्यासाठी.

फुशारकी मात्र चालते. “साताऱ्यात आमच्यासारखं काम कोणी करत नाही” यावर तुम्हाला कोणी आयोगात ओढणार नाही, कारण ते कोणी मोजून घेत नाही. फुशारकीला आकडा, मुदत किंवा ‘नाही तर पैसे परत’ जोडलं की तिचं वचन होतं. १८९१ साली लंडनमध्ये एका औषध कंपनीने, नाकाने हुंगायचा आमचा औषधी धुराचा गोळा वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर शंभर पौंड देऊ, अशी जाहिरात केली होती, आणि आमची नियत साफ आहे हे दाखवायला बँकेत हजार पौंड ठेवल्याचंही छापलं होतं. एका बाईंना इन्फ्लुएंझा झाला. कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरात होती. न्यायालयाने त्या हजार पौंडांकडे बोट दाखवलं आणि पैसे द्यायला लावले. कायद्याच्या पहिल्या वर्षाला हा खटला आम्हा सगळ्यांना शिकवतात, आणि अजूनही अशील येऊन तेच म्हणतात, मॅडम, ती नुसती जाहिरात होती.

तुमच्या नोटिशीबद्दल दोन गोष्टी. मेसेज डिलीट करू नका, काकांच्या फोनमध्ये तो आहेच. “पोराने बोलण्याच्या ओघात लिहिलं, कंपनीचा संबंध नाही” असंही उत्तर देऊ नका. विक्री करायला तुम्हीच त्याला ठेवलंय, धंद्याच्या कामात तो जे बोलला ते तुम्ही बोललात असंच धरलं जातं. माझ्या मते उत्तरात जुलैचा हिशेब मोकळेपणाने द्यावा: निर्मिती १९५, वापर २७०, फरक ७५, शिवाय स्थिर आकार. वर्षाच्या अंदाजाचा वरचा परिच्छेद जोडावा, आणि पुढच्या मेपर्यंत निर्मिती ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली तर काय देणार ते लिहून द्यावं. या पावसाळ्यातल्या बिलांचा फरक तुम्ही स्वतःहून भरायची तयारी दाखवलीत तर रक्कम हजार-दोन हजारांच्या आत बसेल असं आकड्यांवरून दिसतं. भांडण त्याहून महाग पडेल. पण उत्तर पाठवण्याआधी मूळ कागद तुमच्या वकिलांना दाखवा, मी फक्त मेसेज आणि नोंदी बघितल्या आहेत. आणि त्या उत्तरात “पुढच्या वर्षी असं होणार नाही” हे वाक्य चुकूनही घालू नका.

कोटेशन सुधारणं सोपं आहे, ते एकदाच करायचं. अवघड आहे ते फोनवरचं आणि व्हॉट्सॲपवरचं. एवढं सगळं नीट लिहून पाठवल्यावर काका विचारतात, “म्हणजे बिल शून्यच ना?” आणि तुमचा पोरगा घाईत अंगठा पाठवतो. त्या अंगठ्याने वरची सगळी मेहनत धुतली जाते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात २०२३ साली जवसाच्या सौद्यात एका शेतकऱ्याने करारावर पाठवलेला अंगठा न्यायालयाने सही म्हणून धरला. आपल्याकडे असं काही व्हायची वाट बघू नका. ‘नक्की ना?’, ‘शून्यच ना?’ या प्रश्नांना ‘हो’ किंवा अंगठा द्यायचा नाही एवढं पोराला घोकवून घ्या, आणि फोनमध्ये तयार उत्तर ठेवा: “काका, वर्षाचे युनिट बहुतेक भरून निघतील असा हिशेब आहे. पावसाळ्यात थोडं बिल येईल, स्थिर आकार दर महिन्याला येतो. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर आकडे आहेत, संध्याकाळी फोन करून समजावतो.” संध्याकाळी फोन करायचा. ते वचन तुमच्या हातातलं आहे.